क्षमापत्राचा मसुदा

वडगाव मावळच्या कचेरीबाहेर टेबल मांडून बसणाऱ्या अर्जनवीसाच्या हातून जन्मभर जे कागद जातात, त्यांत वारसनोंदीचे अर्ज असतात, बांधाच्या तक्रारी असतात, हद्दकायमच्या मोजणीच्या मागण्या असतात, क्वचित एखादा कबुलीजबाबही असतो; परंतु नवऱ्याने बायकोला लिहावयाच्या क्षमापत्राचा मसुदा तपासून मागणारा पक्षकार सहसा येत नाही. हा धंदा सोडून मी घरी बसल्यानंतर तसा एक पक्षकार आला. कार्ल्याच्या बाजूला राहणारे, चार खाचरे भात करणारे, लोणावळ्यात नोकरी करून निवृत्त झालेले हे गृहस्थ. पाहुण्यांच्या देखत पत्नीवर ओरडल्याला आठवडा उलटला होता, घरात कामापुरते बोलणे होत होते, आणि तोंडाने माफी मागायला गेले की वाक्याच्या मध्येच आपण पुन्हा वाद घालू लागतो, असा त्यांचा अनुभव असल्यामुळे त्यांनी लेखणीचा आश्रय घेतला होता. नावगाव वगळून हे प्रकरण वाचकांपुढे ठेवण्यास उभयतांची परवानगी आहे.

हकीकत अशी. पौषातल्या एका रविवारी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या सासरची मंडळी दादरहून जेवायला यावयाची होती. साडेबाराला पाने मांडायचे ठरले होते. घरच्या नव्या इंद्रायणी तांदळाचे कौतुक या गृहस्थांनी दूरध्वनीवर आधीच भरपूर केले होते, आणि ते गैरही नव्हते; वडगावच्याच भात संशोधन केंद्रातून 1987 साली प्रसारित झालेले हे वाण मावळाचा अभिमान होऊन बसले आहे. मात्र इंद्रायणी जात्याच चिकटसर, त्यातून नवा तांदूळ पाणी कमी मागतो आणि शिजल्यावर झाकणाखाली फार वेळ राहिला तर गोळा होतो, हे तो रांधणारीला ठाऊक असते, खाणाऱ्याला नसते. पत्नीने पाणी बेताचे घातले, वेळ धरून बाराच्या सुमारास भात चढवला. इकडे खंडाळ्याच्या घाटात गाड्या खोळंबल्या होत्या. पाहुण्यांनी साडेअकरालाच तसे कळवले, पण तो निरोप ओसरीवर बसलेल्या यजमानांपाशीच राहिला. मंडळी पावणेदोनला आली, भात पानावर ढेकळासारखा पडला, आणि यजमान भरल्या पंक्तीत गरजले, ‘‘इतकी वर्षं संसार करून तुला साधा भात शिजवता येत नाही?’’ पत्नी काही न बोलता आमटीचे भांडे ठेवून आत गेली, आणि उरलेले वाढप बहिणीने केले.

त्यांनी आणलेला पहिला मसुदा पुढीलप्रमाणे होता : ‘‘चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद. त्या दिवशी माझ्या बोलण्याने तुझे मन दुखावले असल्यास मी दिलगीर आहे. पाहुण्यांच्या गडबडीत माझा तोल गेला. पण तूही थोडे लक्ष द्यायला हवे होते. यापुढे असे होणार नाही. मोठ्या मनाने क्षमा करावी.’’

सहा ओळींच्या या कागदात एकही वाक्य उभे राहण्याजोगे नव्हते, आणि तसे मी त्यांना स्पष्ट सांगितले. मायना पूर्वीच्या पिढीचा रिवाज म्हणून आला होता. परंतु आशीर्वाद वरच्या पायरीवरून दिला जातो, आणि अपराध कबूल करणाऱ्याने त्या पायरीवरून खाली उतरल्याखेरीज पुढचा मजकूर खोटा ठरतो. ‘दुखावले असल्यास’ या शब्दांनी घडलेली गोष्ट संशयित करून ठेवली होती. सारी पंक्ती साक्षीला असताना ‘असल्यास’ कशाला? ‘तोल गेला’ यात कर्ताच फरारी झाला होता. ‘पण’च्या पुढे आलेली सूचना म्हणजे तोच आरडाओरडा हलक्या आवाजात पुन्हा केलेला होता. ‘यापुढे असे होणार नाही’ ही हमी दिसायला भक्कम, पण ती पाळली गेली की नाही हे कोणत्या दिवशी, कशावरून ठरवायचे याचा तीत पत्ता नव्हता. मुदत आणि तपशील नसलेल्या हमीपत्राला कचेरीत कोणी हात लावीत नाही, घरात तरी का लावावा? आणि शेवटच्या ओळीने सारा भार उचलून पत्नीच्या डोक्यावर ठेवला होता, म्हणजे तिने क्षमा केली नाही तर तीच लहान मनाची ठरणार.

हा केवळ एका अर्जनवीसाचा चोखंदळपणा नव्हे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे रॉय लेविकी आणि त्यांचे सहकारी यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माफीचे सहा घटक वेगळे करून लोकांपुढे ठेवले : खेद, कारणाचे स्पष्टीकरण, जबाबदारीचा स्वीकार, पश्चात्ताप, भरपाईची तयारी आणि क्षमेची याचना. त्यांत सर्वांत अधिक वजन जबाबदारीच्या स्वीकाराला मिळाले, त्याखालोखाल भरपाईला, आणि सर्वांत कमी क्षमेच्या याचनेला. आमच्या गृहस्थांनी नेमके जे वगळण्याजोगे होते ते ठळक लिहिले होते, आणि जे पहिल्या ओळीत यावयास हवे होते ते लिहिलेच नव्हते.

मात्र लोकांच्या देखत झालेल्या अपमानात एक निराळीच अडचण असते. खोलीत केलेल्या अपमानाची फेड खोलीत होते; पंक्तीत केलेल्या अपमानाचे साक्षीदार तो आपल्याबरोबर दादरला घेऊन गेलेले असतात, आणि त्यांच्या लेखी ती बाई भात बिघडवणारी म्हणून कायम राहते. तेव्हा फेड त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजे. परंतु ती पोचवण्याचा अधिकार नवऱ्याला आपोआप मिळत नाही. गांधीजींनी आत्मकथेत 1898 सालची डर्बनची हकीकत लिहिली आहे : घरी राहणाऱ्या एका कारकुनाचे भांडे उचलण्यावरून ते कस्तुरबांवर ओरडले, त्यांचा हात धरून फाटकापर्यंत ओढीत नेले, आणि त्या विपन्नावस्थेतही कस्तुरबांनी फाटक लावून घ्यायला सांगितले, कोणी पाहील म्हणून. पुढे गांधीजींनी तो अपराध साऱ्या जगापुढे कबूल केला, पण त्याला पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता, आणि ती कबुली वाचकांसाठी होती. ज्या बाईला फाटक लावून हवे होते, तिच्या घराचे फाटक त्या कबुलीने उघडले, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. म्हणून चारचौघांतील फेडीला पत्नीची पूर्वसंमती हवी, हे कलम मी आग्रहाने घालायला लावले.

पुढे दोन बैठकींत जो मसुदा कायम झाला तो असा. शब्द त्यांचे आहेत, माझी केवळ छाटणी.

‘‘तुला,

रविवारी दुपारी जेवताना, बहिणीच्या सासरच्या सात माणसांसमोर, भातावरून मी तुझ्यावर ओरडलो. इतकी वर्षं संसार करून तुला भात शिजवता येत नाही, असे मी म्हणालो. ते खोटे होते आणि मला ते खोटे असल्याचे ठाऊक होते. मंडळी घाटात अडकल्याचा निरोप मला साडेअकरालाच आला होता. मी तो तुला सांगितला नाही, म्हणून भात झाकणाखाली तासाहून अधिक वेळ राहिला. दोष माझा होता. मी तांदळाच्या बढाया मारल्या होत्या, त्या फुकट जाताना दिसल्या आणि स्वतःची अब्रू राखण्यासाठी मी तुझी घालवली. तू आमटी ठेवून आत गेलीस, तरी मी उठून आलो नाही. हा दुसरा अपराध.

मी पुढील गोष्टी करणार आहे.

एक. तुला विचारल्याशिवाय कोणाला जेवायला बोलावणार नाही. किती माणसे आणि केव्हा, हे आदल्या रात्रीपर्यंत तुला सांगेन.

दोन. पाहुण्यांचा कोणताही निरोप आला की त्याच क्षणी उठून स्वयंपाकघरात येऊन सांगेन.

तीन. पाने मांडणे आणि वाढप माझ्याकडे. तू पाहुण्यांबरोबर पहिल्या पंक्तीला बसशील.

चार. जेवणात उणे काढायचे असले तर ते पानावर काढणार नाही, त्या रात्रीही नाही. दुसऱ्या दिवशी सांगण्याजोगे उरले तरच सांगेन. आवाज चढलाच, तर जेवण सोडून ओट्यावर जाईन आणि परत येऊन त्याच माणसांसमोर ‘मी चुकीचे बोललो’ असे म्हणेन.

पाच. तुझी हरकत नसेल तर त्या सातही जणांना फोन करून निरोपाची खरी गोष्ट सांगेन. तुला ते नको असेल तर करणार नाही.

चैत्रात एकवीरेच्या यात्रेला पाहुणे येतील. तेव्हा वरच्या चार गोष्टी घडल्या की नाही, हे तूच पाहशील. या पत्राला उत्तर द्यावे असे नाही.’’

या मसुद्यात ‘रागावणार नाही’ असे कोठेही लिहिलेले नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. राग कोणाच्या हुकमतीत नसतो, निरोप पोचवणे असते. म्हणून पाचही कलमे ओरडण्याच्या आधी किंवा नंतर हातापायांनी करावयाच्या कृत्यांची आहेत. दुसरे असे, की एकाही कलमात पत्नीला काही काम लावलेले नाही. ‘मी विसरलो तर आठवण कर’ हे वाक्य गृहस्थांनी घातले होते, ते मी खोडले; नवऱ्याच्या सुधारणेची कारकुनी बायकोने का करावी? तिसरे कलम मात्र सर्वस्वी त्यांचे. लग्न झाल्यापासून पाहुण्यांच्या पहिल्या पंक्तीला ती कधी बसलेली आठवत नाही, असे सांगताना त्यांचाच चेहरा पडला होता.

अशा पत्राला मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. हे एका दुपारच्या अपराधाचे पत्र आहे. जेथे आरडाओरडा हा घराचा रोजचा शिरस्ता आहे, जेथे हात उगारला जातो, जेथे बायको तोंड उघडण्यापूर्वी नवऱ्याची मुद्रा न्याहाळते, तेथे असे सुबक पत्र उलट घातक ठरते. प्रत्येक वेळी नवे पत्र आणि प्रत्येक पत्रानंतर जुनेच वर्तन, असे चक्र सुरू होते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने अपमान, टवाळी आणि पाणउतारा यांना हिंसेच्या व्याख्येत घेतले आहे. त्या घरातल्या बाईने पत्राची वाट न पाहता संरक्षण अधिकाऱ्याकडे अगर थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा, आणि तो अर्ज लिहून देण्यास मी आजही टेबल मांडीन.

पत्र पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी गृहस्थ ते घेऊन पुन्हा माझ्याकडे आले. पहिल्या चार कलमांवर काही शेरा नव्हता. पाचव्यासमोर पेन्सिलीने लिहिले होते : ‘‘सगळ्यांना नको. वन्संच्या सासूबाईंना तेवढा करा. बाकीचे विसरले असतील, त्या विसरणार नाहीत. आणि मी शेजारी असताना करू नका.’’ फोन कसा करावा, काय बोलावे, हे ते मला विचारू लागले. मसुदा कागदाचा असता तर मी तपासला असता. हे काम त्यांचे त्यांनीच करायचे होते, आणि संध्याकाळी परड्यात जाऊन त्यांनी ते केले.