कशाला "मान्य" म्हणायचं?

गिरडसारख्या गावात निवृत्त मास्तर म्हणजे अर्ज लिहून देणारा हक्काचा माणूस. हल्ली मुलं येतात ती नोकरी मिळाल्याचं सांगत. "गुरुजी, स्वीकृतीचं पत्र लिहून द्या." पगार किती, रुजू कधी व्हायचं, असं विचारलं की उत्तर येतं, "ते काही सांगितलं नाही. पत्र पाठवा म्हणाले."

माझं मत स्पष्ट आहे. असं पत्र लिहू नये. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं सातवं कलम म्हणतं की स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असला पाहिजे. जे वाचलंच नाही, त्याला बिनशर्त हो कसं म्हणणार?

खाजगी शाळांची पद्धत पाहा. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत नेमणूक आदेशाचा नमुनाच दिलेला आहे. पद, वेतन, नेमणूक तात्पुरती की परिविक्षेवर, हे त्यात येतं. म्हणून उमेदवाराचं पत्र दोन ओळींत भागतं: "आपला आदेश क्रमांक अमुक, दिनांक अमुक, मिळाला. त्यातील अटी वाचल्या, त्या मला मान्य आहेत. अमुक तारखेला रुजू होतो." अटी पुन्हा उतरवायला नकोत. क्रमांक आणि तारीख लिहिली की सगळा आदेश त्या पत्राला जोडला जातो. पण आदेशच हातात नसेल, तर ही पत्रातली जागा कोरीच राहते. तिथे अंदाजाने तारीख किंवा पगार घालणं तर आणखी वाईट.

मग काय लिहावं? गेल्या उन्हाळ्यात एका मुलीला नागपूरहून असाच फोन आला. तिला मी हे लिहून दिलं: "आपला आजचा दूरध्वनी मिळाला. या पदावर काम करण्याची माझी इच्छा आहे. पद, मासिक वेतन, कामाचे ठिकाण, रुजू होण्याची तारीख, परिविक्षा काळ आणि नोकरी सोडताना द्यावयाची पूर्वसूचना नमूद केलेले लेखी पत्र पाठवावे. ते मिळाल्यापासून तीन दिवसांत स्वीकृती कळवीन." यात इच्छा आहे, आदर आहे, पण "मान्य" हा शब्द नाही.

चौथ्या दिवशी पत्र आलं. त्यात दोन वर्षांचं बंधपत्र होतं, आणि मूळ प्रमाणपत्रं कंपनीकडे ठेवण्याची अट. फोनवर यातलं काहीच बोललं गेलं नव्हतं. तिने आधी विचारणा केली की मूळ प्रती दाखवून छायाप्रती दिल्या तर चालेल का. त्यांचा होकार लेखी आला, मगच तिने स्वीकृती दिली. हा क्रम महत्त्वाचा आहे. स्वीकृतीतच "पण ही अट नको" असं लिहिलं, तर तो स्वीकार राहत नाही, आपणच नवा प्रस्ताव ठेवल्यासारखं होतं आणि समोरचा मोकळा होतो.

लेखी अटी मागितल्यावर जो चिडतो, किंवा आधी अनामत भरा म्हणतो, त्याला पत्र लिहायचंच नाही. पोच घेतलेली एक प्रत मात्र प्रत्येकाने आपल्याजवळ ठेवावी. वाद झालाच, तर तीच दाखवता येते.