रिकाम्या बाकावर कोण बसलंय?

जून अर्धा सरला की मोबाइलवर 'शाळेचा पहिला दिवस' सुरू होतो. रेनकोट, चिखलात बुडालेले बूट, कौलांवरून गळणारं पाणी आणि दारात उभ्या बाई. यंदाही तेच. विदर्भात त्या वेळी शाळा उघडलेल्याच नसतात. 2024 मध्ये उरलेल्या महाराष्ट्रात शाळा 15 जूनला भरल्या, विदर्भात 1 जुलैला. 2025 मध्ये तिकडे 16 जून आणि इकडे 23 जून. कारण सगळ्यांना माहीत आहे, आपल्याकडचं ऊन. तरीही नागपूरच्या पोरांनी केलेल्या चित्रफितींतसुद्धा पुण्या-मुंबईचाच पाऊस पडतो, आणि मिहानमध्ये कंपनीतून सुटून हौसेनं अशा फिती करणारी तरुण मंडळीही शाळा म्हटलं की तोच पाऊस आणि त्याच बाई उभ्या करतात. मला याचा राग येतो. पण तो नुसत्या पावसावरचा नाही. या प्रकारात एक ताकद आहे आणि ती बहुतेकांच्या हातून निसटते, म्हणून आजचा लेख.

प्रकार थोडक्यात असा. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणल्या. सुरुवातीला पंधरा सेकंदांच्या होत्या, पुढे त्यांची मर्यादा तीन मिनिटांपर्यंत वाढली. त्यांतल्या ज्यांच्या माथ्यावर 'POV' अशी पट्टी असते त्यांत कॅमेरा हाच एक माणूस असतो. शाळेच्या पहिल्या दिवसाच्या स्किटमध्ये तो माणूस म्हणजे नवं मूल, आणि ते मूल म्हणजे तुम्ही. समोरचा नट शिक्षक होतो, बाजूचा विद्यार्थी होतो, शिपाई होतो आणि तुमच्याशी बोलतो. तुम्ही काहीच बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की, या स्किटचा जीव समोरच्या नटाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या ऐकण्यात असतो. बाकावर कोणी नाही हे त्याला माहीत असतं. तरीही तिथे कोणी आहे असं समजून तो थांबला, तर पाहणारा त्या बाकावर येऊन बसतो. तो थांबला नाही, तर पाहणारा पाहणाराच राहतो आणि समोर उरतं एक भाषण. आपल्या एकपात्री परंपरेला हे नवं नाही. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये एकटे उभे राहून अख्खं वऱ्हाड रंगमंचावर आणायचे. समोरचं पात्र काय बोललं हे त्यांच्या नजरेवरून आणि थांबण्यावरून प्रेक्षकाला कळायचं. पण तिथे प्रेक्षक बाहेर बसून दोन्ही पात्रांची कल्पना करत होता. इथे दुसरं पात्र प्रेक्षक स्वतः आहे, म्हणून चूक लगेच लागते.

पहिली चूक उंचीची. बाकावर बसलेल्या पहिली-दुसरीतल्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण तीन फुटांवर असतात. सतरंजीवर बसलं असेल तर दोन फुटांहूनही खाली. आपल्या स्किटमधला फोन मात्र स्टँडवर पाच फुटांवर असतो, म्हणजे मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत. त्या उंचीवरून शिक्षक तुमच्या बरोबरीचा दिसतो आणि त्याचं ओरडणं एखाद्या सहकाऱ्याच्या भांडणासारखं वाटतं. फोन तीन फुटांवर आणला की आधी टेबलाची कड दिसते, मग हातातली हजेरी, मग हनुवटी, आणि वर गरगरणारा पंखा. उभी, अरुंद चौकट या कामाला फार सोयीची आहे, कारण उंच माणूस खालून तिच्यात पूर्ण मावतो. मग शिक्षकाला आवाज चढवायची गरजच उरत नाही. तो वाकला तरी पुरतं. दुसरी चूक नजरेची. पुढच्या कॅमेऱ्यावर चित्रण करणारा नट पडद्यावर स्वतःलाच पाहत राहतो, त्यामुळे त्याचे डोळे भिंगाच्या किंचित खाली किंवा बाजूला जातात. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण हा माणूस माझ्याशी बोलत नाहीये एवढं त्याला जाणवतं. मागचा कॅमेरा वापरावा आणि भिंगाच्या छिद्रातच पाहावं.

हॉलीवूडनं ही कल्पना 1947 मध्येच मोठ्या पडद्यावर करून पाहिली होती. रॉबर्ट माँटगोमेरी यांनी 'लेडी इन द लेक' जवळजवळ पूर्णपणे नायकाच्या डोळ्यांतून चित्रित केला. नायक गुप्तहेर, आणि त्या दृश्यांत त्याचा चेहरा आरशात दिसतो तेवढाच. सगळे नट भिंगात पाहून बोलतात. सिनेमा पाहताना थोड्या वेळात आपण थकतो, कारण दीड तासाहून अधिक वेळ आपल्याशी बोललं जातं आणि आपल्याला काही करता येत नाही. गुप्तहेर हा हालचाल करणारा माणूस आहे, त्याच्या जागी बसून हात बांधलेले राहणं पटत नाही. शाळेच्या पहिल्या दिवशीच्या मुलाचं तसं नाही. त्याला खरोखरच काही करता येत नसतं. ते बोलत नाही, कुठे बसायचं हे दुसरं कोणी ठरवतं, आणि हा सगळा प्रसंग मिनिटभराचा असतो. पाहणाऱ्याची असहायता आणि पात्राची असहायता इथे जुळते. म्हणूनच या तंत्राला शाळकरी मुलाइतकं योग्य पात्र दुसरं क्वचितच सापडेल.

आता मिहानमधलाच एक प्रसंग घेऊन पाहू. या प्रकल्पासाठी 2002 मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी गेल्या. आज त्या पट्ट्यात एम्स आहे, आयआयएम आहे, सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, विमानदुरुस्तीचा कारखाना आहे. म्हणजे वर्गात जुन्या गावकऱ्यांचं मूल, बांधकामावर आलेल्या परप्रांतीय मजुराचं मूल आणि बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्याचं मूल एका सतरंजीवर येऊ शकतं. स्किट अशा वर्गाचं धरा, दुसरीचा वर्ग, तुम्ही नवे. मॅडम दाराकडे पाहतात. "ये नं, आत ये." थांबतात. "नाव काय तुझं?" दोन सेकंद काहीच नाही. मग कान पुढे करून, "मोठ्यानं सांग, पंखा आवाज करून राहिला." पुन्हा दोन सेकंद, आणि मान हलते. नाव उच्चारलं जात नाही. उच्चारलं तर ते कोणाचं तरी होईल, न उच्चारल्यामुळे ते पाहणाऱ्याचं राहतं. पुढे, "मराठी येते ना?" आता थांबणं लांबतं, तीन-चार सेकंद. मॅडमच्या चेहऱ्यावरून तुम्हालाच कळतं की तुमचं उत्तर नकारार्थी होतं. "अच्छा. कोई बात नहीं. इधर बैठो." आणि तेवढ्यात विमान. मॅडम वाक्य तोडून छताकडे पाहतात, आवाज ओसरेपर्यंत तशाच उभ्या राहतात, मग खाली तुमच्याकडे पाहून वाक्य पुरं करतात. वर्गातल्या बाकीच्यांना हे थांबणं सवयीचं आहे, तुम्हाला नाही. नवं असणं म्हणजे काय, हे त्या पाच सेकंदांत कळतं, आणि तिथे ना पाऊस लागतो ना विनोद.

या संवादात मराठीची एक अडचण जपून सोडवावी लागते. आपली क्रियापदं लिंग सांगतात. "उशिरा का आलास?" म्हटलं की पाहणाऱ्या सगळ्या मुली बाकावरून उठल्या. "आलीस" म्हटलं की मुलगे. इंग्रजीत हे स्किट लिहिणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, आणि आपण त्यांच्याकडून साचा उचलतो तेव्हा तो लक्षात येत नाही. उपाय भाषेतच आहे. "ये", "बस", "सांग" या आज्ञा सगळ्यांना लागू पडतात. "डबा आणला का?" यात क्रियापद डब्याप्रमाणे चालतं, मुलाप्रमाणे नाही. नागपुरी बोलीत "काय करून राहिला" म्हटलं की लिंग येतं, पण "समजून राहिलं का?" म्हटलं की येत नाही. असं लिहायला वेळ जास्त लागतो, पण त्यामुळे निम्मे प्रेक्षक जागेवर राहतात.

यावर म्हटलं जाईल की, लोकांना हसायचं असतं, एवढा विचार कोण करतं? हसू मलाही हवंच आहे. पण ही स्किट्स हशा काढतात ते बहुतेक छडीतून, कान पिरगळण्यातून, "बापाला घेऊन ये" यातून. तुम्ही मूल असाल तर छडी तुमच्यावर येतेय, मग हसायचं कोणी? तिथे नट मुलाच्या डोक्यावरून मोठ्या प्रेक्षकाला डोळा मारतो आणि बाक रिकामा होतो. शिवाय ही छडी आठवणीतली आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच्या 17 व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले. छडी सगळीकडून गेली असा माझा दावा नाही. पण त्या वर्षी पहिलीत गेलेलं मूल आज शाळा सोडून मोठं झालं आहे, आणि आपलं स्किट अजून त्याच्या आजोबांच्या वर्गात आहे. दुसरा आक्षेप असा की हे पाहतात मोठी माणसं, मग मुलाच्या उंचीचा आग्रह कशाला? मोठी माणसं पाहतात म्हणूनच तो आग्रह आहे. शाळेच्या दारापर्यंत पोचवून परत फिरणाऱ्या आईवडिलांना आतली पहिली पाच मिनिटं कधीच दिसत नाहीत.

शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पहिल्या दिवशी गुलाबाचं फूल आणि पाठ्यपुस्तकं देऊन प्रवेशोत्सव करण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे, आणि आता त्याच्या चित्रफितीही बनतात. रडणारी, भांबावलेली, आईचा पदर न सोडणारी खरी मुलं त्यांत दिसतात आणि लोक त्यावर हसतात. त्या मुलाला कोणी विचारलेलं नसतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती डिजिटल स्वरूपात वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो, कारण ते रडणं पुढे वर्षानुवर्षं कोणाच्या ना कोणाच्या फोनवर राहतं. ज्या स्किटमध्ये मूल म्हणजे कॅमेरा, त्यात एकाही मुलाचा चेहरा लागत नाही. पहिल्या दिवसाची सगळी भीती, सगळा गोंधळ एकट्या मोठ्या माणसाला दाखवता येतो, आणि त्याची किंमत कोणत्याही मुलाला मोजावी लागत नाही. म्हणून शिक्षकांना आणि हौशी कलाकारांना माझी विनंती आहे. पहिल्या दिवशी वर्गात फोन काढू नका. शाळा सुटू द्या, मुलांना घरी जाऊ द्या आणि मग रिकाम्या वर्गात चित्रण करा.