31 डिसेंबर 2025 च्या आत

28 नोव्हेंबर 2025 पासून प्राप्तिकर खात्याचे एसएमएस आणि ईमेल येऊ लागले : परदेशी मालमत्ता तपासा, विवरणपत्र सुधारा. अशा वेळी अशिलाला काय सांगायचे, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

वडील भिलाई पोलाद कारखान्यातून निवृत्त, मुलगा अमेरिकेत बारा वर्षे नोकरी करून जून 2021 मध्ये सेक्टरमधल्या घरी परतला. तिथल्या बँकेत 9 लाख आणि ब्रोकरकडे 31 लाखांचे शेअर तसेच राहिले. पहिली दोन वर्षे तो ‘सामान्यतः निवासी नसलेला’ होता, तेव्हा परिशिष्ट एफए भरायचेच नव्हते. आर्थिक वर्ष 2023-24 पासून तो पूर्ण निवासी झाला, पण कोणीतरी पगार पाहून ‘सहज’ भरून दिले. परदेशी खाते असलेल्याला आयटीआर-1 चालतच नाही. लाभांशही राहून गेला.

कर निर्धारण वर्ष 2025-26 चे काम सोपे होते. 31 डिसेंबर 2025 च्या आत आयटीआर-2 मध्ये सुधारित विवरणपत्र भरायचे होते. एफएमध्ये आर्थिक वर्ष नव्हे, कॅलेंडर वर्ष 2024 घ्यायचे. लाभांश व व्याज एफएसआयमध्ये दाखवायचे आणि अमेरिकेत कापलेल्या कराचे क्रेडिट हवे असेल तर फॉर्म 67 भरायचा.

खरी अडचण कर निर्धारण वर्ष 2024-25 ची आहे. तिथे सुधारणेची मुदत आधीच संपली होती. ‘यंदापासून दाखवू, मागचे राहू दे’ असे अनेकजण सुचवतात. हा सल्ला घातक आहे, कारण खाते कधी उघडले, शेअर कधी घेतले, हे रकाने एफएमध्येच आहेत. तिथे समजा 2016 सालची तारीख लिहिली की मागच्या वर्षाची चूक आपणच कळवलेली असते.

म्हणून त्या वर्षाचे आयटीआर-यू भरावे. लाभांशावर कर निघतो, त्यामुळे ते भरता येते. 31 मार्च 2026 पर्यंत कर-व्याजावर अतिरिक्त 25 टक्के, पुढे 50. मात्र त्याने दंड टळला, असे अशिलाला सांगू नका. काळा पैसा कायद्याचे कलम 43 मूळ, विलंबित आणि सुधारित विवरणपत्राबद्दल बोलते. आयटीआर-यूचा त्यात उल्लेख नाही. मालमत्ता एकूण 20 लाखांच्या वर असल्याने 10 लाखांच्या दंडाची शक्यता उरतेच. तो लावणे अधिकाऱ्याच्या विवेकावर आहे आणि तिथे स्वतःहून पुढे आल्याचे वजन पडेल, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

याहून मोठा धोका पैशाच्या उगमाचा. समाधानकारक खुलासा नसेल तर मालमत्तेच्या किमतीवर 30 टक्के कर आणि त्याच्या तिप्पट दंड. इथे पैसा परदेशातल्या पगाराचा आहे. पण ते कागदावर दिसले पाहिजे. जुने डब्ल्यू-2, पगारपत्रके आणि 2021 पूर्वीची ब्रोकरची विवरणे आत्ताच मागवा. नोकरी सुटली की जुन्या मालकाच्या पोर्टलचा पासवर्ड बंद होतो.

आपल्या यादीतले परतलेले अशील आज काढा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : तिकडचे खाते बंद केले का?