रोज शंभर नव्हे, वीसच कार्डे!

आपल्या धाराशिव जिल्ह्यातली कितीतरी मुलं नीटच्या तयारीसाठी लातूरला राहतात. माझा पुतण्याही तिथंच आहे. त्यानं मोबाईलवर अँकी घेतलं. त्यात आपण प्रश्नोत्तरांची कार्डे करायची. आठवलं तर कार्ड जास्त दिवसांनी परत येतं, विसरलं तर लगेच. पठ्ठ्यानं उत्साहात रोज शंभर नवी कार्डे लावली. महिन्याभरात उजळणीचा डोंगर झाला आणि त्यानं अँकी उघडणंच सोडलं.

चूक अँकीची नव्हती, हिशोबाची होती. रोज जेवढी नवी कार्डे, त्याच्या साधारण दहापट उजळणी पुढं रोज येते. वीस नवी असतील तर दोनशे. एका कार्डाला दहा सेकंद धरले तर अर्ध्या तासाच्या वर थोडं. शंभर नवी असतील तर हजार, म्हणजे पावणेतीन तास! क्लास करून एवढा वेळ आणायचा कुठून? म्हणून सेटिंगमध्ये `New cards/day` 20 ठेवा. वर्षात सात हजारांवर कार्डे होतात, ती काही कमी नाहीत.

`Maximum reviews/day` मात्र कमी करू नका. त्यानं साचलेलं काम संपत नाही, फक्त दिसेनासं होतं. उजळणी साचली तर नवी कार्डे 0 करा आणि आधी जुनं निपटा.

दुसरी चूक कार्डातच होती. त्याचं एक कार्ड असं होतं: 'हृदयचक्राची माहिती सांगा.' उत्तरात सहा मुद्दे. पाच आठवले, एक विसरला, तर बटण कोणतं दाबायचं? 'आलं' म्हटलं तर विसरलेला मुद्दा तसाच राहतो. 'नाही आलं' म्हटलं तर येणारे पाचही पुन्हा घोकावे लागतात. आम्ही ते कार्ड असं फोडलं:

1. हृदयचक्राचा काळ किती? 0.8 सेकंद.
2. मिनिटाला ठोके किती? सुमारे 72.
3. एका ठोक्यात एक निलय किती रक्त बाहेर टाकतं? सुमारे 70 मिली.
4. मग मिनिटाला किती? 72 × 70 = 5040 मिली, म्हणजे सुमारे 5 लिटर.
5. 'लब्' आवाज कशामुळं? त्रिदली व द्विदली झडपा मिटल्यामुळं.
6. 'डब्' कशामुळं? अर्धचंद्राकृती झडपा मिटल्यामुळं.

नियम एवढाच: एका कार्डाला एकच उत्तर. आणि धडा समजल्याशिवाय कार्ड करायचं नाही. तरीही एखादं कार्ड वारंवार चुकलं तर अँकी त्यावर `leech` अशी खूण करतं. ते पुन्हा पुन्हा घोकू नका. पुस्तक उघडा, समजून घ्या आणि कार्ड फोडा.

एक मर्यादाही सांगतो. भौतिकशास्त्राची गणितं कार्डांनी येत नाहीत, ती वहीवरच सोडवावी लागतात. सूत्र आणि एकक तेवढं कार्डावर ठेवा.

पालकहो, मुलाला 'आज नवी कार्डे किती केलीस?' असं विचारू नका. 'आजची उजळणी संपली का?' असं विचारा.