रबराच्या घडीतला कुबट वास

पावसाळ्यात कपडे नीट वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो, हे आपण लहानपणापासून जाणतो. परंतु भर उन्हाळ्यात कडक उन्हात वाळलेला टॉवेल ओल्या अंगाला लागताच तोच वास येऊ लागला, तर त्याचे कारण बहुधा धुलाई यंत्रात सापडते. समोरून दार उघडणाऱ्या, म्हणजे फ्रंट-लोड यंत्राच्या बाबतीत ही तक्रार विशेष आढळते. त्यामागे यंत्राची रचना आणि आपल्या सवयी अशी दोन्ही कारणे असतात.

या यंत्राच्या दारातून पाणी गळू नये म्हणून तोंडाशी जाड रबराची गोल झालर बसवलेली असते. तिच्या खालच्या घडीत प्रत्येक धुलाईनंतर थोडे पाणी साचून राहते. दार घट्ट बसत असल्याने आतली ओल बाहेर पडत नाही. वरून उघडणाऱ्या यंत्राच्या सैल झाकणातून थोडी हवा खेळते, तशी येथे खेळत नाही. शिवाय आपल्याला दिसतो तो भोके असलेला पोलादी ड्रम. त्याच्याभोवती आणखी एक टाकी असते आणि तिच्या भिंतींपर्यंत आपला हात कधीच पोहोचत नाही.

ओलीला खाद्य मिळाले की जंतू आणि बुरशी वाढतात. ते खाद्य आपणच पुरवतो. न विरघळलेला साबण, कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव्य, त्वचेची गळालेली पापुद्री आणि अंगाचे तेल हे सारे टाकीच्या भिंतीला आणि रबराला चिकटते. ज्या घरी वृद्धांना नियमित तेलमालिश होते, तेथे हा तेलकटपणा अधिक असतो आणि गार पाण्यात तो सुटत नाही. या थरात जंतू चिकट आवरण करून राहतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. नदीतल्या दगडावर पायाला लागणारा बुळबुळीत थर हा त्याचाच नमुना होय. नुसत्या पाण्याच्या धारेने तो निघत नाही.

काही महिन्यांपूर्वी ब्याऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांना त्यांच्या सूनबाई तपासणीस घेऊन आल्या. "डॉक्टर, बाबांना मी रोज अंघोळ घालते, कपडे रोज बदलते, तरी त्यांच्या अंगाचा वास जात नाही," असे त्या म्हणाल्या. आजोबांनी संध्याकाळी कट्ट्यावर जाणे सोडले होते. लघवीची तपासणी निर्दोष होती आणि त्वचेवर बुरशी नव्हती. मी त्यांच्या सदऱ्याची बाही पाण्याने ओली करून हुंगली, तेव्हा वास कापडाला येत असल्याचे कळले. मग धुण्याच्या पद्धतीची चौकशी केली. कपडे थोडे म्हणून रोज गार पाण्याची अर्ध्या तासाची धुलाई, द्रव साबण अंदाजाने ओतलेला आणि वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य दुप्पट. यंत्र बोळात होते. उघडे दार आजोबांच्या वॉकरला अडत असे, म्हणून ते धुणे काढताच बंद होई. घरी जाऊन सूनबाईंनी रबराची घडी बोटांनी उलगडली, तेव्हा आत काळपट बुळबुळीत थर आणि एक कुजका पायमोजा निघाला.

आपल्या घरीही ही परीक्षा करता येते. घडीतून पांढरे फडके फिरवावे. ते काळे किंवा बुळबुळीत झाले तर निदान झाले. दुसरी परीक्षा साबणाची. यंत्र रिकामे, साबण न घालता चालवावे. तरीही काचेवर फेस दिसला, तर आत साबण साठला आहे आणि आपण तो गरजेपेक्षा जास्त वापरतो, असे समजावे.

या वासाने आजार होतो का, हा प्रश्न वारंवार येतो. धडधाकट माणसाला सहसा होत नाही. दमेकऱ्याला कुबट वासाचा त्रास होऊ शकतो. नाजूक प्रकृतीच्या व्यक्तींच्या बाबतीत मात्र सावध असावे. जर्मनीतील एका बालरुग्णालयात २०१२-१३ मध्ये नवजात बालकांच्या अंगावर औषधांना न जुमानणारे जंतू वारंवार आढळू लागले. शोध घेता तेच जंतू घरगुती पद्धतीच्या धुलाई यंत्राच्या साबणाच्या कप्प्यात आणि दाराच्या रबरात सापडले. बालकांच्या टोप्या आणि मोजे त्यात धुतले जात होते. सुदैवाने त्या जंतूंनी बालकांना आजार झाला नाही आणि यंत्र हटवल्यावर प्रकार थांबला. म्हणून अंथरुणाला खिळलेले, जखम असलेले किंवा प्रतिकारशक्ती घटलेले रुग्ण ज्या घरी आहेत, तेथे पुढील क्रम नेमाने पाळावा.

प्रत्येक धुलाईनंतर कपडे लगेच काढावेत. रबराची खालची घडी उलगडून कोरड्या फडक्याने पुसावी. दार आणि साबणाचा कप्पा काही तास किंचित उघडे ठेवावेत. चार बोटे फट पुरते. घरात लहान मूल असेल तर ते आत शिरणार नाही याची काळजी घ्यावी. आठवड्यातून एकदा साबणाचा कप्पा बाहेर काढून जुन्या दातघासणीने धुवावा.

महिन्यातून एकदा यंत्र रिकामे ठेवून 'ड्रम क्लीन' किंवा 'टब क्लीन' ही क्रिया चालवावी. ती नसल्यास सुती कपड्यांची ६० अंश किंवा त्याहून अधिक तापमानाची धुलाई निवडावी. सोबत यंत्राच्या पुस्तिकेत सुचवलेली पावडर घालावी. वास जुना असेल तर हे लागोपाठ दोन-तीनदा करावे लागते. रुग्णाच्या चादरी व टॉवेल, कापडाला चालत असल्यास, ६० अंशांवरच धुवावेत.

दर दोन-तीन महिन्यांनी खालच्या कोपऱ्यातल्या झडपेमागची जाळी साफ करावी. यंत्र बंद करून आतले पाणी गार होऊ द्यावे, खाली पसरट ताट ठेवावे आणि झाकण हळूहळू फिरवावे. हे काम वाकून करावे लागते व फरशी ओली होते, म्हणून ज्येष्ठांनी ते घरातील तरुणांकडून करून घ्यावे.

एक धोका मात्र कटाक्षाने टाळावा. ब्लीच आणि व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा क्षार काढणारी आम्लयुक्त पावडर एकत्र वापरू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

सूनबाईंनी सुगंधी द्रव्य बंद केले, साबण मोजून घातला आणि आजोबा झोपायला गेल्यावर रात्रभर दार किंचित उघडे ठेवले. तीन गरम धुलायांनंतर वास गेला. रबरावरचे काळे डाग मात्र राहिले. ते बहुधा जात नाहीत आणि त्यांची चिंता करू नये. एवढे करूनही वास राहिला आणि तो गटारासारखा असेल, तर पाणी सोडणाऱ्या नळीची तपासणी कारागिराकडून करून घ्यावी.

कपड्यांचा वास गेला आणि तरीही माणसाच्या अंगाला वास येत असेल, तर लघवी, मांड्यांच्या व बगलेच्या घड्या, तोंड आणि पायांची बोटे वैद्याकडून तपासून घ्यावीत. तोवर "तुम्हाला वास येतो" असे घरातील वृद्धांना म्हणण्याआधी त्यांचा धुतलेला सदरा ओला करून एकदा हुंगावा.