पहिला पगार

बीडहून आयटीआय करून चाकणला गेलेल्या मुलासमोर दोन नोकऱ्या असतात. एकीत २४ हजार, पण दिवसभर सीएनसीवर जॉब लावायचा, काढायचा. दुसरीत १८ हजार, पण जुना सेटर ड्रॉइंग वाचायला, ऑफसेट द्यायला शिकवतो. पहिलीत वर्षाला ५ टक्के आणि दुसरीत १२ टक्के वाढ धरली, तर सहाव्या वर्षी दुसरीचा पगार पुढे जातो. एकूण कमाईची तूट मात्र नवव्या वर्षी भरून निघते. घरावर सावकाराचं कर्ज असेल, तर २४ हजारच घ्यावेत. नसेल, तर मुलाखतीत विचारा: तीन वर्षांपूर्वीचे ऑपरेटर आज काय करतात? ते अजून जॉबच लावत असतील, तर तिथे कुणी शिकवत नाही.