‘छातीत दुखतंय’, एवढंच

रात्री पावणेअकराला पेशंटचा व्हॉट्सअ‍ॅप येतो: ‘छातीत दुखतंय’. पुढेमागे काही नाही. त्यावर आमच्या डॉक्टरमंडळींत एक मत ठाम आहे. हिस्टरी नाही, तपासणी नाही, तर बोलायचं कशाच्या आधारावर? ‘उद्या क्लिनिकला या’ म्हणावं, किंवा काहीच लिहू नये. अर्धवट माहितीवर सल्ला दिला आणि पुढे काही झालं, तर मान आपलीच अडकणार.

ही भीती मी खोटी म्हणत नाही. पण तिच्यात निदान आणि उत्तर यांची गल्लत आहे. दोन शब्दांवर निदान होत नाही, हे खरंच. पण तेवढ्यात निदान मागितलंय कुणी? आणि ‘उद्या या’ हेही एक निदानच आहे, कारण ‘सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही’ असं त्यातून आपण न तपासता सांगून टाकतो. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी बंद पडल्यापासून स्नायू मरू लागतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण 12 तासांच्या आत द्यायचं असतं, आणि त्याचा सर्वात जास्त फायदा पहिल्या दोन-तीन तासांत असतो. पावणेअकराचा पेशंट सकाळी दहाला आला, तर हातात उरतं काय?

दुसरं मत याच्या अगदी उलट, आणि घरोघरी लोकप्रिय: ‘गॅस असेल, पॅन घे.’ फॅमिली ग्रुपवरचे काका तर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगतात. आम्लपित्ताच्या गोळीने बरं वाटलं म्हणून हृदय सुटलं असं होत नाही. झटक्याचं दुखणंही मध्येच ओसरतं. सॉर्बिट्रेटने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. आधीच दाब कमी असेल किंवा सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतलेली असेल, तर माणूस तिथेच कोसळेल. आणि ती गोळी घेतल्याचं कुणी काकांना आपणहून सांगत नाही.

मग लिहायचं काय? समजा, तो निरोप बावन्न वर्षांच्या, मधुमेह असलेल्या दुकानदाराचा आहे. मी असं लिहीन: ‘आहात तिथे बसा, जिना उतरू नका. दुखणं आत्ता चालू असेल, किंवा दाब, घाम, धाप, चक्कर, जबड्यात नाहीतर हातात कळ, यांतलं काही असेल, तर मला उत्तर लिहू नका, 108 लावा. स्वतः गाडी चालवू नका. घरच्यांना उठवा, दार उघडं ठेवायला सांगा. मी फोन करतोय.’ आणि लगेच फोन करायचा, कारण धाप लागलेला माणूस टाइप करत नाही. उचलला नाही, तर बायकोला, शेजाऱ्याला.

क्रम इथे महत्त्वाचा. आधी काय करायचं ते, मग प्रश्न. केव्हापासून, कुठे, याआधी असं झालं होतं का, हे 108 ला फोन लागल्यावर विचारता येतं. अ‍ॅस्पिरिनही तेव्हाच: अ‍ॅलर्जी, अल्सर, कुठे रक्तस्राव, रक्त पातळ करणारी औषधं, यांतलं काही नाही अशी खात्री झाली, तर साधारण 300 मिलिग्रॅम चावून. मधुमेहात, बायकांत आणि म्हाताऱ्यांत छातीची कळ नसतेही. नुसती मळमळ, थकवा, घाम. म्हणून ‘फार दुखत नाही’ या उत्तराने मी गाडी परत पाठवणार नाही. पहिला ईसीजी नॉर्मल आला, तरी तेवढ्यावर घरी परत आणू नये. तो काही वेळाने पुन्हा काढावा लागतो आणि रक्तात ट्रोपोनिन बघावं लागतं.

‘असं केलं तर निम्मे गॅसवालेच हॉस्पिटलात जातील,’ असा आक्षेप येईल. जातील काही. एका ईसीजीचा खर्च आणि रात्रीची एक फेरी, एवढं नुकसान मला मान्य आहे.

पण हाच क्रम नुसत्या ‘ताप’ या निरोपाला लावणं मात्र चूक. तिथे प्रश्न आधी. कुणाला, वय किती, कितवा दिवस, थर्मामीटरवर किती? तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप 100.4 किंवा वर, तर रात्र असो की दिवस, लगेच डॉक्टर. मोठा माणूस, पहिला दिवस, पाणी पितोय, लघवी होतेय, तर पॅरासिटामॉल आणि सकाळी तपासणी. पावसाळ्यात एवढं जोडायचं: अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन नको, कारण डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि डेंग्यूत घात बहुधा ताप उतरताना होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून गेलेला माणूस, हे दिसलं तर ताप गेला म्हणून घरी बसू नये. तेव्हा तापाच्या पेशंटला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपणच ‘कसं आहे?’ विचारायला हवं, कारण ताप उतरला की तो स्वतःहून कळवत नाही.